लहानपणापासूनची खवलेदार कोरडी त्वचा: बादलीच्या अंघोळीत बसणारी रोजची निगा

इक्थिओसिस व्हल्गॅरिस हा खवलेदार कोरड्या त्वचेचा आनुवंशिक आजार असलेल्या माणसाची नडगी जवळून पाहिली की आटलेल्या तळ्याचा तळ आठवतो. बारीक, साधारण चौकोनी तुकडे, मधोमध घट्ट चिकटलेले आणि कडेने वर उचललेले. काळ्या पँटवर आणि मोज्यांत पांढरा भुगा पडतो तो या कडांचा. मधला चिकटलेला भाग मात्र खेचला तर दुखतो, कधी रक्तही येतं. म्हणून पुढच्या सगळ्या निगेचं सूत्र एकच आहे: खवला ओढून काढायचा नाही, तो मऊ करून आपोआप सुटू द्यायचा.

मला हे लहानपणापासून आहे, आणि माझ्या भाच्यालाही आहे. घरात दोन पिढ्यांना असल्यामुळे तेल, उटणं, लोणी, साय, कडुनिंबाचा पाला हे सगळं आमच्या अंगावरून जाऊन आलेलं आहे. त्यातलं काय टिकलं आणि का, ते इथे लिहिते आहे.

आत नेमकं काय बिघडलेलं असतं

त्वचेच्या सर्वात वरच्या थरात फिलाग्रिन नावाचं एक प्रथिन असतं. त्याची दोन कामं. एक म्हणजे त्वचेच्या पेशी चपट्या करून एकमेकींना घट्ट लावणं. दुसरं म्हणजे स्वतः तुटून असे बारीक घटक तयार करणं, जे पाणी धरून ठेवतात. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असला की पाणी टिकत नाही. गंमत अशी की मृत पेशी वेळेवर गळून पडायलाही हेच पाणी लागतं. पाणी कमी पडलं की पेशी गळत नाहीत, एकावर एक साचतात आणि त्यांचा खवला होतो. या जनुकाचा आणि या आजाराचा थेट संबंध २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांच्या गटाने दाखवून दिला.

म्हणजे दोष दोन आहेत: पाणी उडून जातं आणि मृत थर साचतो. नुसतं तेल लावून पहिला दोष थोडा सावरतो, दुसऱ्याला ते हात लावत नाही. घरोघरी तेलाच्या बाटल्या संपतात आणि नडगी तशीच राहते ती यामुळे.

आईने गरोदरपणी मासे खाल्ले, ग्रहण पाहिलं, रक्त अशुद्ध आहे, याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. आजार संसर्गजन्यही नाही. शाळेत शेजारी बसल्याने किंवा एकाच टॉवेलने अंग पुसल्याने तो कोणाला होत नाही.

हाच आजार आहे का, हे आधी बघा

या प्रकारात बाळ जन्मतं तेव्हा त्वचा सहसा साधी दिसते. पहिल्या वर्षभरात, बहुतेकदा पहिल्या हिवाळ्यात, नडग्या आणि हातांच्या बाहेरच्या बाजू खरखरीत व्हायला लागतात. सगळ्यात बोलकी खूण म्हणजे कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणी, काखा आणि जांघा स्वच्छ राहतात, कारण तिथे घामाचा ओलावा टिकतो. दुसरी खूण तळहातावर: रेषा नेहमीपेक्षा जास्त आणि खोल. दंडांच्या मागे किसणीसारखे बारीक टणक दाणेही अनेकांना असतात. दमा, सर्दीची ॲलर्जी किंवा लवणींतला खाजरा एक्झिमा सोबत असणं नेहमीचं आहे.

मुलगा असेल, खवले मोठे आणि तपकिरी-काळे असतील, मानेच्या बाजूला आणि पोटावरही असतील, तर एक्स गुणसूत्रावरून येणारा दुसरा प्रकार असू शकतो. जन्मतःच अंगावर पातळ चकचकीत पापुद्रा होता, किंवा त्वचेवर फोड येतात, तर तेही वेगळे प्रकार आहेत. हे सगळं त्वचारोगतज्ज्ञ बहुधा नुसतं पाहून आणि घरातली माहिती विचारून ओळखतात.

आणि एक महत्त्वाचं. मोठेपणी अचानक पहिल्यांदाच अशी त्वचा झाली, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. थायरॉइड मंदावणं, काही कर्करोग, कुष्ठरोग आणि त्यावरचं क्लोफॅझिमिन हे औषध, अशी कारणं त्यामागे असू शकतात. आधी तपासणी करून घ्या.

रोजचा क्रम

परदेशी सल्ल्यांत टबमध्ये वीस मिनिटं पडून राहा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे बादली आणि तांब्या. तांब्याने ओतलेलं पाणी नडगीवरून दोन सेकंदांत खाली जातं, खवला आतून भिजत नाही. म्हणून भिजवण्याची सोय वेगळी करावी लागते.

पहिली पायरी भिजवण्याची. जुन्या सुती पंचाचे किंवा धोतराचे दोन लांब तुकडे कोमट पाण्यात बुडवा, हलके पिळा आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांना गुंडाळा. पावलं त्याच पाण्याच्या टबात ठेवून दहा ते पंधरा मिनिटं स्टुलावर बसा. कापड वाळायला लागलं की वरून एक तांब्या ओता. पाणी मनगटाला कोमट लागेल इतकंच. बंबातलं कढत पाणी थंडीत सुखाचं वाटतं, पण ते त्वचेतली उरलीसुरली स्निग्धता काढून नेतं आणि तासाभरात खाज सुटते. झालं की नाही हे कळायची खूण: खवल्यांच्या कडा पांढरट, फुगलेल्या दिसतात आणि बोटाखाली टोचत नाहीत.

दुसरी पायरी घासण्याची, आणि इथेच सर्वात जास्त नासधूस होते. भिजलेल्या त्वचेवर मऊ सुती कापडाने किंवा तळहाताने गोल फिरवत, पायामागे मिनिटभर. जेवढं सुटेल तेवढं सुटू द्या. वज्री, प्लास्टिकची घासणी, नारळाची शेंडी नडगीवर कधीही नको. वज्री फक्त टाचांच्या जाड कडांसाठी, तीही भिजल्यावर आणि हलक्या हाताने. घासून झाल्यावर त्वचा गुलाबी, चुरचुरणारी दिसली तर जास्त झालं. दोन दिवस घासणं बंद ठेवा.

साबण फक्त काखा, जांघा, पावलं आणि जिथे खरोखर मळ आहे तिथे. नडग्यांना साबण लावायचं काहीच कारण नाही. साध्या साबणाऐवजी सौम्य, साबणविरहित वडी घेतली तर उत्तम. डाळीचं पीठ, उटणं, मुलतानी माती ही सगळी तेल शोषून घेणारी आहेत, त्यामुळे या त्वचेला ती उलटीच पडतात. दिवाळीच्या पहाटे उटण्याचा मान ठेवायचा असेल तर तळहातावर लावून मोकळं व्हावं. तान्ह्या बाळाला मालिश करणाऱ्या बाईंनाही हे आधीच सांगून ठेवा: तेलाचा हलका हात चालेल, पण कणकेचा गोळा आणि पिठाने रगडणं नको.

तिसरी पायरी सगळ्यात घाईची. टॉवेलने टिपून घ्या, पुसू नका. त्वचा दमट असतानाच, शक्य तर तीन मिनिटांच्या आत, मलम लागलं पाहिजे. मलमाचा डबा न्हाणीघरातच ठेवा. बाहेर येऊन कपडे घालून मग लावू म्हटलं की ती वेळ गेलेली असते. केसांच्या दिशेने वरून खाली लावा, उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. फरशीवर आधी जुनं पोतेरं टाका, मलमाच्या पायाने घसरून पडणं ही या निगेतली खरी दुखापत आहे.

रात्री झोपताना दुसरा हात, फक्त नडग्या, हातांची बाहेरची बाजू आणि टाचांना. यावेळी अंघोळ नको, ओल्या हाताने त्वचा जरा दमट केली तरी पुरे. टाचांवर मलमाचा जाड थर देऊन वर सुती मोजे घाला.

मलम निवडताना

दुकानात नावापेक्षा मागची बाजू वाचा. तीन प्रकारची कामं करणारे घटक असतात. पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफिन वरून झाकण घालतात, पाणी उडू देत नाहीत. ग्लिसरीन आणि कमी प्रमाणातलं युरिया पाणी ओढून धरतात. १० टक्के किंवा त्याहून जास्त युरिया आणि लॅक्टिक ॲसिड मृत थराची पकड सैल करतात. या आजाराला तिन्ही लागतात, म्हणून नुसत्या सुगंधी लोशनवर पैसे घालवू नका.

मोठ्या माणसासाठी १० टक्के युरियाचं क्रीम हा माझ्या मते पहिला पर्याय. ते पुरेसं पडलं नाही तर १२ टक्के अमोनियम लॅक्टेट, लॅक्टिक ॲसिडचंच एक रूप. टाचांसाठी २० टक्के किंवा त्याहून जास्त युरिया चालतं, अंगभर नाही. भेगा, ओरखडे किंवा एक्झिमा असलेल्या जागी ही दोन्ही झोंबतात, तिथे आधी चार-पाच दिवस नुसती पेट्रोलियम जेली लावून त्वचा सांधू द्यावी. लवणींत, चेहऱ्यावर आणि जांघांत युरिया आणि लॅक्टेटची क्रीमं लावूच नका.

एक वर्षाखालच्या बाळाला युरिया नको, पेट्रोलियम जेली आणि साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर पुरे. त्यापुढे लहान मुलांना कमी टक्केवारीपासून, डॉक्टरांना विचारून. सॅलिसिलिक ॲसिडची मलमं लहान मुलांना लावू नयेत आणि मोठ्यांनीही मोठ्या भागावर लावू नयेत. ते त्वचेतून रक्तात उतरतं. कानात गुणगुण, मळमळ, श्वास जलद होणं ही त्याची विषबाधेची लक्षणं आहेत.

खोबरेल तेल वाईट नाही, स्वस्त आणि हाताशी आहे, पण ते एकटं पुरत नाही. युरियाच्या क्रीमवर अर्ध्या तासाने खोबरेलाचा हलका हात चालतो. मोहरीचं तेल चुरचुरतं आणि ऑलिव्ह तेल त्वचेचं आवरण आणखी कमकुवत करू शकतं, ही दोन्ही टाळा.

आठ वर्षांच्या मुलाचं उदाहरण

माझा भाचा लातूरला असतो, वय वर्षं आठ. घरी बोअरचं जड पाणी, थंडीत कोरडी हवा. ताई त्याला रोज मलम लावत होती आणि तरी फरक पडत नव्हता. विचारलं, किती लावतेस? तिने बोटाच्या टोकावर मटाराएवढं काढून दाखवलं आणि तेवढ्यात एक अख्खा पाय केला.

मापायची सोपी पद्धत अशी आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली पट्टी म्हणजे एक बोटभर, साधारण अर्धा ग्रॅम. या वयाच्या मुलाच्या एका पायाला, पावलासकट, साडेचार बोटं लागतात, एका हाताला अडीच, छाती-पोटाला साडेतीन, पाठीला नितंबांसह पाच आणि चेहरा-मानेला दोन. सगळी बेरीज साडेचोवीस बोटं, म्हणजे बारा ग्रॅमच्या आसपास. हेही कमीतकमी धरायचं, कारण हे माप पातळ थराच्या औषधासाठी बनलेलं आहे. सकाळी अंगभर बारा आणि रात्री दोन पायांना साडेचार ग्रॅम धरलं तर महिन्याला अर्धा किलो लागतं. तिची ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत होती, तिथेच उत्तर मिळालं.

अर्धा किलो महागडं क्रीम दर महिन्याला परवडत नाही, म्हणून विभागणी केली. अंगाला ग्लिसरीनचं साधं मोठ्या बाटलीतलं मॉइश्चरायझर, आणि डॉक्टरांनी दिलेलं युरियाचं क्रीम फक्त गुडघ्याखाली. रात्री त्यावर पेट्रोलियम जेली.

युरियाचा उपयोग होतोय की नुसत्या भिजवण्याचा, हे कळावं म्हणून पहिले तीन आठवडे डाव्या पायाला युरिया आणि उजव्याला फक्त पेट्रोलियम जेली असं केलं. बाकी सगळं सारखं. दर रविवारी अंघोळीआधी, त्याच खिडकीपाशी दोन्ही नडग्यांचा फोटो. पहिल्या आठवड्यात दोन्ही पाय मऊ झाले, खवले मात्र दोन्हीकडे तेवढेच. तिसऱ्या रविवारी डाव्या नडगीवरच्या खवल्यांच्या कडा सपाट झाल्या होत्या आणि घोट्याच्या वरचा पट्टा जवळजवळ साफ होता. उजवा मऊ होता, पण नक्षी तशीच. त्याच्या त्वचेला खवला सैल करणारा घटक लागतो, हे यातून स्पष्ट झालं. मुलगाही खूश, कारण आता कोणता पाय जिंकतोय याचा खेळ झाला होता.

मग परीक्षा आली आणि आठवडाभर सगळं सुटलं. खवले परत आले. हे अपयश नाही, आजाराचा स्वभावच तो आहे. मलमाने जनुक बदलत नाही, रोजचा साठा रोज काढावा लागतो.

खरोखर काय सुधारतं, काय नाही

खाज, ताण, भेगा आणि वर उचललेल्या कडा या गोष्टी नीट निगेने बऱ्याच सुधारतात. मोज्यांतला भुगा कमी होतो, आणि मला तरी तोच सगळ्यात विश्वासू मोजमाप वाटतो. तळहाताच्या रेषा तशाच राहतात. दंडावरचे दाणे मऊ होतात, जात नाहीत. अनेकांना वयानुसार त्रास कमी होतो, आणि हवेतला दमटपणा तर औषधच. मुंबईला किंवा कोकणात नोकरीला गेलेल्या माणसाची त्वचा पावसाळ्यात इतकी सुधारते की आजार गेला असं वाटतं, आणि डिसेंबरात नाशिक-पुण्याला आलं की पुन्हा मूळपदावर. विदर्भात उन्हाळ्यात एसीपेक्षा पाण्याचा कूलर या त्वचेला जास्त मानवतो, कारण तो हवा ओली करतो.

उन्हाळ्यात एक सांभाळा. या त्वचेला घाम कमी येऊ शकतो. त्यात पाठ-पोटावर पेट्रोलियम जेलीचा जाड थर दिला तर घामोळं उठतं आणि मूल तापतं. तेव्हा अंगाला पातळ लोशन, जाड मलम फक्त नडग्यांना. मैदानावर मूल लालबुंद आणि कोरडं दिसलं तर सावलीत आणून ओला रुमाल मानेवर ठेवा. शाळेला हे आधी सांगून ठेवणं बरं.

दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक आहे. पॅराफिन आणि तेल कपड्यांत, चादरींत मुरतं आणि असे कपडे पटकन पेट घेतात. धुतल्यावरही ते पूर्ण निघत नाही. मलम लावून गॅसपाशी, निरांजनापाशी, फटाक्यांपाशी सैल कपड्यांत जाऊ नका. रात्रीच्या मलमाचे कपडे वेगळेच ठेवा.

आणि स्टेरॉइडची मलमं. दुकानदार खाज म्हटल्यावर जी मिश्र ट्यूब काढून देतो, तिच्यात बहुतेकदा जोरकस स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतात. खवल्यांवर स्टेरॉइडचा काही उपयोग नाही. लवणींतल्या एक्झिमाला डॉक्टर ठरावीक दिवसांसाठी स्टेरॉइड देतात ती गोष्ट वेगळी. महिनोन् महिने लावलं तर त्वचा पातळ होते आणि वर चट्टे पडतात.

पोटात घेण्याच्या ॲसिट्रेटिनसारख्या गोळ्या या सौम्य प्रकाराला क्वचितच लागतात. गर्भाला त्या अतिशय घातक आहेत आणि बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भधारणा टाळावी लागते, तेव्हा तरुण मुलीला कोणी सुचवल्या तर हा प्रश्न आधी विचारा.

पिवळट खपल्या, पू, भेगेभोवती लाली आणि ऊब, ताप, किंवा लवणींत ओलसर खाज यांपैकी काही दिसलं तर घरगुती प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जा. जाताना वापरत असलेली सगळी मलमं पिशवीत घालून न्या, आणि आई-वडील, भावंडं यांच्यापैकी कोणाच्या नडग्या अशा आहेत का ते विचारून ठेवा.

लग्नाच्या वयात हाच प्रश्न परत येतो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडे सदोष जनुकाची एक प्रत असेल तर प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी, आणि मिळाली तरी त्रास सहसा सौम्य, कधी जेमतेम कळण्याएवढा. दोघांकडे एकेक प्रत असेल तर चारातल्या एका मुलाला दोन्ही सदोष प्रती मिळू शकतात, आणि ठळक, जाड खवले दिसतात ते बहुधा अशांना. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून होतं. एकाच घरातली नडगी दोन्हीकडे असेल, तर साखरपुड्याआधी जनुकीय सल्लागाराकडे एक फेरी मारलेली बरी.